गादीला वारस आहे, खरेदीला नाही

लालबागच्या मसाला गल्लीत मार्च ते मे पाय ठेवायला जागा नसते. बायका पिशव्यांतून मिरची, धणे, दगडफूल, नागकेशर घेऊन डंकापाशी रांग लावतात. तिथे ज्याला शिंक येत नाही तो एकतर गल्लीतलाच असतो, नाहीतर सर्दीने नाक बंद झालेला. याच भागात सव्वीस वर्षं मी घरगुती पेढ्यांचे हिशेब आणि करविवरणं करतो आहे. या वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते खरं आहे का, असा प्रश्नच कुणी विचारत नाही. ते वाक्य म्हणजे, "पुढची पिढी तयार नाही हो."

मला हे पटत नाही. बहुतेक ठिकाणी पुढची पिढी तयार असते, निदान तयार होण्याजोगी तरी असते. तयार नसते ती आधीची पिढी, आणि तीही गादी सोडायला नव्हे. गादी लोक सोडतात. मुलाच्या नावाने फलक लागतो, दसऱ्याला वहीपूजन त्याच्या हातून होतं, बँकेत त्याची सही चालू होते. सोडवत नाही ते एक विशिष्ट काम, ज्यावर सगळं दुकान उभं असतं आणि ज्याचं नाव कुठल्याही कागदावर नसतं. मिठाईवाल्याकडे ते काम खव्याच्या भट्टीवर असतं, छपाईवाल्याकडे शाई जुळवणाऱ्याच्या डोळ्यात. मसाल्याच्या धंद्यात ते मिरचीच्या खरेदीत असतं.

एका पेढीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीने सांगतोय. आबांचं वय बाहत्तर. धाकटा भाऊ भागीदार, पण तो फक्त गल्ल्यावर. आबांना एक मुलगा, एक मुलगी. मुलगा दुकान आणि फोनवरच्या ऑर्डरी बघतो, मुलगी बँकेतली नोकरी सोडून हिशेबाला आली, सून भाजणी आणि पाकिटं सांभाळते. हंगामात साधारण बारा टन मिरची लागते. सरासरी अडीचशे रुपये किलो धरली तर तीस लाखांचा माल, आणि तो सगळा आबा एकट्याने घेणार. जानेवारी ते एप्रिल नवी आवक असते. त्या काळात आबा हुबळीची गाडी पकडून ब्याडगीच्या बाजारात जायचे, परतताना संकेश्वरला उतरायचे, आणि गुंटूरचा तिखट माल वाशीच्या मसाला बाजारातून उचलायचे.

चार वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये आबांची अँजिओप्लास्टी झाली. सहा आठवडे प्रवास बंद. मुलाने अडत्याला फोन लावला, "नेहमीसारखा माल पाठवा." अडत्याने पाठवला. रंग लाल, सुरकुत्या झकास, भाव किलोमागे वीस रुपये जास्त. गणपतीनंतर गिऱ्हाइकं परत यायला लागली की मसाला तपकिरी पडलाय. मालात संकरित वाण मिसळलेलं होतं, दिसायला ब्याडगीसारखंच सुरकुतलेलं. त्यातला काही भाग आदल्या हंगामाचा, कोल्ड स्टोरेजमधून काढलेला. असा माल मुंबईच्या दमट हवेत आला की घाम धरतो आणि रंग सोडायला लागतो. अडत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. "नेहमीसारखा" म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण तीस वर्षं आबा स्वतः समोर उभे राहून माल निवडत होते.

त्या दिवाळीत त्यांच्याकडे बैठक झाली. घरच्यांचा प्रश्न होता, "आबांची जागा कोण घेणार?" माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा होता. आबा जे करतात ते एक काम नाहीच. आम्ही दोन संध्याकाळी बसून ते उकललं, तेव्हा चार कामं निघाली. मिरची ओळखणं. केव्हा किती घ्यायची हे ठरवणं, म्हणजे फेब्रुवारीत निम्मी उचलायची की भाव उतरण्याची वाट बघायची, आणि किती माल कोल्ड स्टोरेजला टाकायचा. तिसरं, अडत्यांकडची पत: कोण किती दिवस थांबतो, कुणाची हिशेबपट्टी आली की त्याच आठवड्यात पैसे द्यावे लागतात. आणि चौथं, मसाल्याचं प्रमाण. ही चारही एका माणसात एकवटली ती योगायोगाने, चाळीस वर्षांत हळूहळू. तोच योगायोग पुन्हा दुसऱ्या एकाच माणसात घडावा म्हणून वाट बघत बसणं हा हट्ट आहे. त्या हट्टापायीच "आमच्याकडे तेवढ्या ताकदीचा कुणी नाही" असं म्हणत दुकानं थांबतात. तेवढ्या ताकदीचा कुणीच नसतो. आबाही तिशीत नव्हते.

चार कामांची वाटणी झाली तेव्हा खरी ठिणगी पडली. भाव आणि पत मुलीकडे, प्रमाण सुनेकडे, आणि मिरची ओळखण्यासाठी आबांनी बोट दाखवलं ते गोदामातल्या माणसाकडे. राजापूरचा, अकरा वर्षं पोती उतरवतोय, वेगळी करतोय. मुलाचा चेहरा पडला. "मग मी काय करायचं?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे मालकी आणि काम यांची इतकी गाठ पडलेली असते की एखादं काम दुसऱ्याला दिलं तर हिस्साच कापला गेला असं वाटतं. म्हणून आम्ही मालकीचा कागद आधी केला आणि कामाची वाटणी त्यानंतर जाहीर केली. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक कामाची चर्चा हिश्श्याच्या भांडणात शिरते. कागदाची गरज वेगळ्या कारणानेही होती. पेढीत भागीदार दोनच, आबा आणि त्यांचा भाऊ. १९३२च्या भागीदारी कायद्यात कलम ४२ आहे. भागीदार वारला तर पेढी विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलं असेल तर नाही. पण भागीदार दोनच असतील तर करारात काहीही लिहा, एक गेल्यावर उरलेला एकटा माणूस भागीदारी होऊच शकत नाही. अन्न परवान्याचंही असंच. परवानाधारक गेला तर वारसांना त्यावर नव्वद दिवस चालवता येतं, तेवढ्यात पुढची सोय करावी लागते. हे नव्वद दिवस मार्चपासून सुरू झाले तर हंगाम कुठे जाईल, ते सांगायला नको. मुलगा आणि मुलगी दोघंही भागीदार झाली, आणि मुलाला आपला हिस्सा कागदावर दिसला तेव्हा तो गोदामातल्या माणसाबद्दल जरा शांतपणे बोलायला लागला.

आता खरा मुद्दा, शिकवायचं कसं. आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे "माझ्याबरोबर फिर, बघून बघून शिकशील." मी तिला शिकवणं मानत नाही. राजापूरचा हा माणूस अकरा वर्षं बघतच होता की. बघणाऱ्याला निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून आपण चुकलो हेही त्याला कळत नाही. मोठ्या घरांतही हे पाहिलं आहे. सायरस मिस्त्री २०११च्या नोव्हेंबरात टाटा सन्सचे उपाध्यक्ष झाले, रतन टाटांबरोबर वर्षभर काम करून २०१२च्या डिसेंबरात अध्यक्ष झाले आणि २०१६च्या ऑक्टोबरात त्यांना दूर केलं गेलं. कायद्याने कोण बरोबर ते सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा सन्सच्या बाजूने ठरवलं, त्यात मी पडत नाही. शेजारी बसवलं म्हणजे कारभार सोपवला असं होत नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे.

आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. बाजारात प्रत्येक ढिगापाशी राजापूरकराने आधी आपला भाव लिहायचा, कुठली मिरची ते लिहायचं, आणि मगच आबांनी आपला भाव सांगायचा. शेवटचा रकाना "का". सगळ्यात जास्त कटकट याच रकान्याने केली. आबांना भाव सांगता येत होता, कारण सांगता येत नव्हतं. "असंच असतं ते," म्हणायचे. मुलगी पेन धरून थांबायची. "आबा, असंच म्हणजे कसं?" मग हळूहळू शब्द निघाले. देठ हिरवट आहे. बी सुटलंय, पोतं हलवलं की खाली घरंगळतं. टोक काळं. वास कोंदट, म्हणजे मधली मिरची फोडून बघ, आत पांढरी बुरशी असेल. ही डब्बी आहे, आखूड आणि फुगीर, रंग देईल. ती कड्डी, लांब आणि काडीसारखी. पहिल्या हंगामात साठ ढीग लिहिले गेले. त्यांतल्या एकवीस ठिकाणी दोघांचा भाव दहा रुपयांच्या आत जुळला. दुसऱ्या वर्षी साठात सत्तेचाळीस.

एकदा मीच आगाऊपणा केला. दुकानामागच्या खोलीत सहा ताटल्यांत सहा नमुने मांडले, आकडे घातले आणि आबांनाच भाव विचारला. त्यातली दुसरी आणि पाचवी ताटली एकाच पोत्यातली होती. आबांनी दुसरीला दोनशे चाळीस सांगितले, पाचवीला दोनशे पंचावन्न. मी सांगितल्यावर खोलीत कुणी बोलेना. मुलगा खाली बघत होता, पण त्याला हसू आवरत नव्हतं हे मला दिसलं. आबा उठले, दोन्ही ताटल्या उचलून दारात गेले, परत आले. म्हणाले, "साहेब, पाचवी ट्यूबलाइटखाली होती." ताटल्यांची जागा बदलली तर त्यांचं म्हणणं खरं निघालं. दिव्याखाली रंग चढा दिसतो. तीस वर्षं आबा मिरची दारातल्या उजेडात बघत आले होते, पण "मिरची दारात बघायची" हा नियम आहे हे कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. स्वतःलाही नाही. आता वहीच्या पहिल्या पानावर तो लिहिलेला आहे.

त्यानंतरची पायरी म्हणजे खिशाला चटका. माझा आग्रह होता की चुकण्यासाठी आधीच एक रक्कम बाजूला काढा आणि ती गेली असं समजा. पहिल्या वर्षी बारा टनांपैकी बाराशे किलो, म्हणजे साधारण तीन लाखांचा माल, राजापूरकराने स्वतः निवडायचा. त्यात तीस हजारांपर्यंत तोटा झाला तर कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि आबांनी जागेवर काही बोलायचं नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा महाग होती. त्या सकाळी बाजारात आबांनी तीन वेळा चहा मागवला आणि तीनही वेळा पाठ फिरवून प्यायला. कारण त्यांना दिसत होतं की हा ओली मिरची घेतोय.

माल मुंबईला आला, गच्चीवर वाळवला, पुन्हा वजन केलं. त्रेपन्न किलो कमी भरला. हिशेब सोपा आहे. शंभर किलोत चौदा किलो पाणी असेल तर कोरडा माल शहाऐंशी किलो. तोच माल दहा टक्के ओलाव्यावर आणला की साडेपंचाण्णव किलो भरतो. बाराशे किलोवर त्रेपन्न किलोंची घट, अडीचशेच्या भावाने सव्वातेरा हजार. हा पैसा पाण्याला दिला. राजापूरकराने दोन दिवस जेवण टाकलं. मग आबा त्याच्यापाशी बसले, वाळलेल्या मिरचीचा देठ मोडून दाखवला. कट् आवाज झाला. मग मुद्दाम ठेवलेली ओली मिरची दिली. तिचा देठ वाकला, मोडला नाही. "कानापाशी हलव," म्हणाले. "कोरडी असली तर आतलं बी खुळखुळतं." त्या दिवसापासून तो देठ मोडल्याशिवाय वहीत भाव लिहीत नाही. हीच गोष्ट आबांनी बाजारात कानात सांगितली असती तर सव्वातेरा हजार वाचले असते. पुढच्या ढिगाला त्याने पुन्हा आबांच्या तोंडाकडेच पाहिलं असतं.

दुसऱ्या वर्षी चार टन, साधारण दहा लाखांचा माल. तिसऱ्या वर्षी सगळी खरेदी. त्यात आबांकडे हंगामभरात फक्त दोन नकार. "हा ढीग नको" असं दोनदाच म्हणायचं, तिसऱ्यांदा नाही. दोनच का? आठवड्याला एक नकार वापरता आला तर खरेदीदार आबाच राहतात, समोरचा नुसता हमाल. आणि नकार मुळीच नसेल तर ज्याचं तीस लाखांचं भांडवल लागलंय त्याला झोप लागणार नाही. तीन वर्षं लागली ती मिरचीमुळे. हंगाम वर्षात एकदाच येतो, त्यामुळे तीन वर्षं म्हणजे शिकणाऱ्याला फक्त तीन संधी. जो मालक सत्तरीत म्हणतो "अजून वेळ आहे", त्याने वर्षं मोजू नयेत, हंगाम मोजावेत.

भाव आणि पत याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मुलीने झपाट्याने उचललं. एकच अडचण आली. दोन जुने अडते पहिल्या वर्षी तिचा फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "आबांना द्या." आबा फोन हातात घ्यायचे आणि भाव ठरवून टाकायचे. मी सुचवलं की आबांनी फोन घ्यावा, नमस्कार करावा आणि "भाव ताईच सांगेल" एवढं बोलून परत द्यावा. शिकणाऱ्याला अधिकार दिला हे घरात ठरतं, पण बाजाराला ते कळतं ते अशाच एका वाक्यातून. सहा-सात फोनांनंतर "आबांना द्या" बंद झालं.

या सगळ्यावर नेहमी येणारा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. नोकराला एवढं शिकवलं आणि त्याने शेजारच्या गल्लीत दुकान टाकलं तर? टाकू शकतो. माझ्याच माहितीतल्या दुसऱ्या एका पेढीत, फरसाणाच्या, असंच झालं. चार वर्षं शिकवलेला माणूस जास्त पगारावर गेला. तरी मी म्हणेन की त्या पेढीची चूक शिकवण्यात नव्हती. जबाबदारी खरेदीदाराची दिली आणि पगार हेल्परचाच ठेवला, ही चूक. आपल्याकडे "घरच्यासारखा" हा शब्द पगारवाढ टाळण्यासाठी फार वापरला जातो. इथे राजापूरकराचा पगार पहिल्या वर्षीच वाढवला, तिसऱ्या वर्षापासून हंगामाच्या खरेदीवर थोडी टक्केवारी ठरली. शिवाय काम चार ठिकाणी वाटलेलं असल्यामुळे तो गेलाच तर मिरची ओळखण्याचं कसब घेऊन जाईल, प्रमाण आणि पत घेऊन जाणार नाही. वहीसुद्धा दुकानातच राहील. आता तो वहीवरून गोदामातल्या दुसऱ्या पोराला शिकवतो. मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडलं ते हे.

मुलाचं काय झालं? त्याने ऑनलाइन विक्री वाढवली हे खरं, पण मनातून तो अजून दुखावलेला आहे, आणि ते बरं होईलच असं मला वाटत नाही. मुलग्याला सगळं मिळतं असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. तिशी उलटल्यावर वेगळं सांगायला लागलं, हा दोष आमच्या बैठकीचा नाही, त्या पंचवीस वर्षांचा आहे.

गेल्या हंगामात आबांनी दोन्ही नकार वापरले. एक बरोबर निघाला. दुसरा ढीग शेजारच्या पेढीने उचलला आणि तो उत्तम निघाला. आबा हे स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात. रोज सकाळी सातला दुकान अजूनही तेच उघडतात, आणि ते थांबवायला आम्ही कुणी गेलो नाही. सुनेला मालवणी आणि आगरी मसाल्याचं प्रमाण लिहून दिलंय. गरम मसाल्याचं मात्र अजून त्यांच्या डोक्यातच आहे. अक्षय्य तृतीयेला लिहून देतो म्हणाले होते. ती होऊन तीन महिने झाले. परवा मी आठवण केली तर म्हणाले, "साहेब, पाऊस तर संपू द्या."